वळवाच्या विजेत गप्प राहिलेले ॲप: न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या फोन कधी काढतो आणि सूट कुणाला द्यावी

हे प्रकरण बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातले आहे. घरातले कर्ते आप्पा, वय साठीच्या पुढे. थोडी जमीन कर्नाटकात, थोडी हद्दीपलीकडे महाराष्ट्रात. मुलगी पुण्यात नोकरीला. गावातल्या दोन-चार घरांप्रमाणे आप्पांच्या घरचे फोनही माझ्याकडेच दाखवायला येतात, म्हणून ही सगळी हकीकत मला जवळून पाहता आली.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस चालू असताना मुलगी दसऱ्याला आली होती. त्या दिवसांत शिवारात विजा फार पडत होत्या, म्हणून तिने आप्पांच्या फोनवर विजेचा इशारा देणारे एक ॲप टाकले. फोन असेल त्या ठिकाणाच्या आसपास वीज पडण्याचा धोका दिसला की हे ॲप मोठ्याने वाजते. त्यासाठी त्याला फोनचे ठिकाण कायम कळावे लागते. मुलीने ठिकाणाची परवानगी "Allow all the time" अशी दिली, बॅटरीची बंधने काढली, आवाज तपासला आणि सांगितले, "आप्पा, हे उघडायची गरज नाही. वाजलं की तेवढं घरात या." आप्पांनी तेच केले. ऑक्टोबर संपेपर्यंत ॲप अधूनमधून वाजले, आप्पांनी इशारा ऐकला आणि सूचना बोटाने बाजूला सारली. ॲप उघडायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

एप्रिलच्या अखेरीस वळवाचा पहिला पाऊस आला. धूळवाफ पेरणीच्या तयारीसाठी आप्पा शेतात शेणखत पांगत होते. ढग भरून आले, गडगडाट झाला आणि दोन शेते पलीकडच्या जांभळाच्या झाडावर वीज पडली. माणसांना काही झाले नाही. फोन आप्पांच्या खिशातच होता, आणि तो पूर्ण गप्प होता.

रात्री मुलीचा फोन आला. "ॲप वाजलं नाही काय?"

"कुठलं वाजतंय. गप्पच हुतं," आप्पा म्हणाले.

तिला वाटले ॲपच बिघडले. आप्पांना वाटले शेतात रेंज नसेल. दुसऱ्या दिवशी ते फोन घेऊन माझ्याकडे आले.

## फोनमध्ये काय सापडले

आधी साध्या गोष्टी पाहिल्या. इंटरनेट चालू होते, फोनचे लोकेशन चालू होते, आवाज पूर्ण होता. बॅटरीच्या पानावर ॲपपुढे मुलीने ठेवलेले "Unrestricted" तसेच होते. नुसते एवढे पाहून सोडले असते तर दोष ॲपवर गेला असता.

मग Settings मध्ये Apps उघडून तिथले "Unused apps" हे पान पाहिले. बऱ्याच लोकांनी ते कधी उघडलेलेच नसते. फोनने ज्या ॲप्सना "हे कुणी वापरत नाही" असे ठरवले, त्यांची यादी तिथे असते आणि ती शेवटचे कधी उघडले त्यानुसार गटांत मांडलेली असते. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ न उघडलेल्यांच्या गटात विजेचे ॲप होते. त्याच्या परवानग्या उघडल्या तर Location "Not allowed" मध्ये गेलेले. ती परवानगी आप्पांनी काढली नव्हती, मुलीनेही नाही. फोनने काढली होती.

फोनने ते लपवूनही केले नव्हते. न वापरलेल्या ॲप्सच्या परवानग्या काढल्याची एक सूचना तो देतो. पण फोनची भाषा दुकानदाराने घालून दिलेली इंग्रजी, आणि आप्पांना ती सूचना रोज येणाऱ्या जाहिरातींहून वेगळी ओळखता येणे शक्य नव्हते. इतर सूचनांबरोबर तीही बाजूला सारली गेली.

## नियम नेमका काय आहे

ही सोय २०२० मध्ये अँड्रॉइड ११ बरोबर आली. एखादे ॲप काही महिने वापरलेच नाही, तर ठिकाण, कॅमेरा, माइक, संपर्क, एसएमएस, फोन अशा खाजगी गोष्टींच्या ज्या परवानग्या आपण विचारल्यावर दिलेल्या असतात, त्या फोन आपणहून परत घेतो. २०२१ मधल्या अँड्रॉइड १२ ने आणखी पुढचे पाऊल टाकले. असे ॲप आता झोपवले जाते. त्याची मागे चालणारी कामे थांबतात, त्याने लावलेले गजर वाजत नाहीत, सर्व्हरवरून येणाऱ्या सूचना त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, तातडीच्या म्हणून पाठवलेल्याही नाहीत. जागा मोकळी करायला तात्पुरत्या फायली पुसल्या जातात. ॲप आणि त्यातली आपली माहिती मात्र जागेवर राहते. डिसेंबर २०२१ पासून परवानग्या काढण्याचा भाग गूगल प्ले सर्व्हिसेसमधून अँड्रॉइड ६ ते १० च्या जुन्या फोनवरही पोचवला गेला.

"काही महिने" म्हणजे किती? अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये ही मर्यादा ९० दिवसांची आहे आणि तपासणी साधारण १५ दिवसांनी एकदा होते. कंपनी हे आकडे बदलू शकते, म्हणून तीन ते साडेतीन महिने असे धरून चालावे. आप्पांच्या बाबतीत हिशेब असा लागतो: ॲप शेवटचे उघडले ऑक्टोबरच्या मध्यावर, ९० दिवस भरले जानेवारीच्या मध्यावर, आणि पुढच्या तपासणीत, म्हणजे जानेवारी संपता संपता, ॲप झोपले. फेब्रुवारी आणि मार्च आकाश कोरडे. ॲप वाजले नाही याचे कुणाला आश्चर्य वाटायचे कारणच नव्हते. वळीव आला तेव्हा ते झोपून जवळजवळ तीन महिने झाले होते.

इथे "वापरले" या शब्दाचा फोनला कळणारा अर्थ समजून घ्यावा लागतो, कारण आप्पांच्या मते ते ॲप रोज वापरात होते. फोनच्या हिशेबी ॲपचा पडदा आपल्यासमोर उघडला तर तो वापर. त्याच्या विजेटवर बोट लावले तर वापर. त्याच्या सूचनेवर टिचकी मारून आत गेलो तर वापर. सूचना नुसती वाचून बाजूला सारली तर तो वापर नव्हे. ॲप मागच्या मागे काम करत राहिले, ठिकाण बघत राहिले, इशारे देत राहिले, तरी तोही वापर नव्हे. ऑक्टोबरच्या अखेरीस आप्पांनी एखाद्या इशाऱ्यावर टिचकी मारली असती तर दिवसांची मोजणी तिथून पुन्हा सुरू झाली असती. म्हणजे ज्या ॲपला सांगितले आहे "तू मागे राहून लक्ष ठेव, मला त्रास देऊ नकोस", नेमके तेच या नियमात सापडते.

मला हा नियम मुळात योग्य वाटतो. एकदा कामापुरते टाकलेले आणि विसरलेले ॲप वर्षानुवर्षे माणसाचा पत्ता आणि संपर्क पाहत बसते, हे थांबायलाच हवे होते, आणि ज्याला सेटिंग कळत नाही त्याच्यासाठी तर फोननेच ते करणे बरे. अडचण फक्त अपवादांची आहे.

## दुरुस्ती, आणि दुरुस्तीतला सापळा

ॲप झोपले असेल तर ते उघडावे, जागे होते. मुलीने फोनवरून हेच सांगितले असते आणि आप्पांनी हेच केले असते. पण ॲप जागे झाले म्हणून काढलेल्या परवानग्या परत येत नाहीत. त्या पुन्हा मागाव्या लागतात आणि आपण पुन्हा द्याव्या लागतात.

मी आप्पांसमोरच ॲप उघडले. त्याने ठिकाणाची परवानगी विचारली. त्या चौकटीत पर्याय तीनच होते: ॲप वापरात असताना, फक्त या वेळी, आणि नको. "कायम" हा पर्याय त्या चौकटीत येतच नाही. अँड्रॉइड ११ पासून तो सेटिंगमध्ये जाऊनच द्यावा लागतो. साहजिकच माणूस "वापरात असताना" दाबतो, नकाशा दिसू लागतो, निळा ठिपका आपल्या शेतावर येतो, आणि झाले असे वाटते. फोन खिशात गेल्यावर मात्र ॲपला ठिकाण कळत नाही, आणि पुन्हा तीच शांतता. अर्धी दुरुस्ती ही न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट, कारण आता घरच्यांचा त्यावर विश्वास बसलेला असतो.

म्हणून पुढची कामे एकाच बैठकीत केली. Settings, Apps, ते ॲप, Permissions, Location, आणि तिथे "Allow all the time". त्याच पानावर "Use precise location" चालू आहे ना ते पाहिले, कारण ते बंद असेल तर ॲपला ठिकाण नुसते अंदाजाने, काही किलोमीटर इकडेतिकडे कळते. मग मागे ॲपच्या पानावर येऊन खाली "Unused app settings" या मथळ्याखालचे "Pause app activity if unused" बंद केले. हीच ती सूट. हे बटण बंद म्हणजे या ॲपला न वापरल्याचा नियम लागू नाही.

मुलीने बॅटरीची बंधने काढली होती, तरी असे का झाले, हा तिचा प्रश्न रास्त होता. कारण हे दोन वेगळे कारभार आहेत. "Unrestricted" म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी या ॲपला रोजच्या रोज अडवू नकोस. न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काढणे त्यात येत नाही. एक बटण दुसऱ्याचे काम करत नाही, आणि दोन्ही वेगवेगळ्या पानांवर आहेत. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याशिवाय त्या कंपनीची स्वतःची ॲप झोपवण्याची यादीही असते. सॅमसंगमध्ये ती बॅटरीच्या पानात "Deep sleeping apps" नावाने सापडते. तीही पाहून घ्यावी.

## मग सूट कुणाकुणाला?

विजेचे ॲप सुटल्यावर आप्पा म्हणाले, "मग सगळ्यांचंच ते बंद करून टाका की. परत कटकट नको." फोन हातात धरून बसलेला कोणीही हेच म्हणेल, आणि इथेच थांबायला हवे. "Unused apps" च्या यादीत आणखी चार-पाच ॲप्स होती. ती एकेक करून घेतली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न लावला: हे ॲप झोपले, तर ते आपल्याला कधी कळेल? उघडल्यावर लगेच कळणार असेल तर सूट नको, कारण तेव्हा ते परवानगी मागेल, आपण देऊ, काम पुढे जाईल. गरज टळून गेल्यावरच कळणार असेल तर सूट हवी. विजेचे ॲप दुसऱ्या प्रकारचे. त्याची शांतता म्हणजे वीज नाही की ॲप झोपले, हे बाहेरून ओळखताच येत नाही.

यादीत पहिले होते महाराष्ट्राच्या महसूल खात्याचे ई-पीक पाहणी. हद्दीपलीकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर पीक नोंदवायला आप्पा ते वापरतात. शेतात उभे राहून फोटो काढायचा, म्हणून त्याला कॅमेरा आणि ठिकाण लागते. रब्बीची नोंद जानेवारीच्या आसपास झाली की पुढची खरिपाची ऑगस्टात. मधे तीन महिन्यांहून जास्त खंड पडतोच, त्यामुळे दर वर्षी त्याच्या परवानग्या जाणार. जाऊ द्याव्यात. ऑगस्टात ॲप उघडताच ते पुन्हा विचारील. अलीकडच्या जमिनीसाठी कर्नाटकाचे पीक सर्वेक्षणाचे ॲप आहे, त्यालाही हेच लागू. दोन राज्यांत जमीन असलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या फोनवर अशी ॲप्स दुप्पट असतात, म्हणून त्यांचा निकाल एकदाच लावून ठेवलेला बरा.

त्यात एक खबरदारी आहे. ॲपने परवानगी मागितली आणि गडबडीत दोनदा "Don't allow" दाबले गेले, तर अँड्रॉइड ११ पासून पुढे ती चौकट पुन्हा येत नाही. मग ॲप नुसते अडून राहते आणि माणूस म्हणतो सर्व्हर डाऊन आहे. अशा वेळी Settings मधून त्या ॲपच्या Permissions मध्ये जाऊन हाताने परवानगी द्यावी.

दुसरे, त्या यादीत नसले तरी आप्पांनी विचारलेले, होते मोटारीच्या मोबाइल स्टार्टरचे. थ्री फेज कधी रात्री, कधी पहाटे येते, तेव्हा घरबसल्या बोअरची मोटार चालू करायला आप्पांनी ते घेतले. ॲप स्टार्टरमधल्या सिमला एसएमएस पाठवते, त्यासाठी एसएमएस आणि फोनची परवानगी त्याच्याकडे. पावसाळ्यात मोटार बंद, म्हणजे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ॲपला कुणी हात लावत नाही. आप्पांना वाटत होते हे फार महत्त्वाचे, याला सूट हवीच. महत्त्वाचे आहे हे खरे, पण हे ॲप आपण बटण दाबल्याशिवाय काहीच करत नाही. नोव्हेंबरात पहिल्यांदा उघडल्यावर ते परवानगी मागेल आणि मोटार चालू होईल. एसएमएसची परवानगी तर मी उगीच कुणाकडे ठेवू देणार नाही, कारण बँकेचा ओटीपी त्याच वाटेने येतो. सूट दिली नाही. मोटार आपोआप चालू-बंद होण्याचे वेळापत्रक स्टार्टरच्या डब्यातच साठवलेले असते. ते फोनवरून चालवणारे ॲप असते तर निर्णय उलटा झाला असता.

साखर कारखान्याचे एक ॲप होते, ऊसबिल पाहायला. हंगामापुरते उघडतात. सूट नाही.

मग सापडले कर्ज देणारे एक ॲप. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितले म्हणून टाकलेले, कर्ज घेतलेच नाही, पण संपर्क, एसएमएस आणि कॅमेरा तिन्ही परवानग्या तेव्हा दिल्या गेल्या होत्या. फोनने त्या केव्हाच काढल्या होत्या. या नियमाचे मोल मला इथे दिसते. आप्पांना आठवणही नव्हती आणि फोनने दार लावून घेतले होते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांप्रमाणे सप्टेंबर २०२२ पासून कर्जाच्या ॲपने फोनमधले संपर्क, फायली आणि कॉलची यादी मागायचीच नाही. कॅमेरा, माइक, ठिकाण यांचा वापरही ओळख पटवण्यासारख्या कामापुरता आणि संमती घेऊन एकदाच. २०२३ पासून गूगल प्लेनेही वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना संपर्क आणि फोटो पाहायला बंदी घातली. तरी एक मर्यादा आप्पांना स्पष्ट सांगितली: परवानगी काढल्याने पुढचे पाहणे थांबते, आधी जे उचलून नेले ते परत येत नाही. ते ॲप काढूनच टाकले.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. हा नियम सगळ्यांनाच लागत नाही. कीबोर्ड, सूचना वाचण्याची मुभा असलेले ॲप, दिव्यांगांच्या मदतीसाठी असलेली "Accessibility" ची सेवा चालू असलेले ॲप, फोनवर ताबा ठेवायचा अधिकार देऊन "Device admin" केलेले ॲप, यांना अँड्रॉइड स्वतःहून वगळते, कारण ती न उघडताही फोनच्या कामात असतात. नोकरीच्या कामासाठी कंपनीने दिलेल्या फोनमधली वर्क प्रोफाइलची ॲप्सही सुटतात. चांगल्या ॲपसाठी हे बरोबर आहे. पण फसवणारे ॲप नेमकी हीच मुभा आधी मागते. "Unused apps" ची यादी कोरी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये. "Accessibility" च्या पानावर ओळखीचे नसलेले नाव चालू दिसले तर ते हातानेच बंद करावे लागते. आप्पांच्या फोनवर तसे काही नव्हते.

## काकूंचा फोन

आप्पांचे झाल्यावर काकूंनी त्यांचा फोन पुढे केला. "माझं गोळ्यांचं वाजतंय की रोज," त्या म्हणाल्या. रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण करणारे ॲप मुलीनेच टाकले होते. त्यात सकाळ-संध्याकाळची वेळ घातलेली. आठवण आली की काकू गोळी घेतात आणि सूचना सारून टाकतात. रोज दोनदा वाजणारे ॲप "न वापरलेले" कसे असेल, असे कुणालाही वाटेल. पण वर सांगितल्याप्रमाणे सारून टाकणे हा वापर नव्हे, आणि ॲप उघडून महिना उलटला होता. आणखी दोन-अडीच महिन्यांत ते झोपले असते आणि गजरासकट झोपले असते.

इथे परवानग्यांचा प्रश्नच नव्हता. त्या ॲपकडे ठिकाण, संपर्क काहीही नव्हते. म्हणजे सूट द्यायला धोका जवळपास शून्य आणि न देण्याचा धोका मोठा. असा निर्णय सोपा असतो. बटण बंद केले. त्याशिवाय काकूंना सवय एकच सांगितली: गोळी घेतली की सूचना सारायची नाही, तिच्यावर टिचकी मारायची आणि आत "घेतली" दाबायचे. त्याने मुलीला पुण्यात नोंदही दिसते आणि फोनच्या लेखी ॲप वापरातही राहते.

याच जातीची आणखी काही ॲप्स आपल्याकडच्या घरांत असतात. मुले किंवा म्हातारी माणसे कुठे आहेत ते घरच्यांना दाखवणारे ॲप, कारण ते ज्याच्या फोनवर असते तो ते कधीच उघडत नाही. हातातल्या घड्याळाशी किंवा साखर मोजायच्या यंत्राशी मागून जोडलेले राहणारे ॲप. फोटोंची प्रत आपोआप दुसरीकडे ठेवणारे ॲप. अँड्रॉइडच्या कागदपत्रांतही सूट मागायला योग्य म्हणून साधारण हेच प्रकार सांगितले आहेत: कुटुंबाची सुरक्षा, माहितीची जुळवणी, घरातली स्मार्ट उपकरणे आणि जोडलेली साधने. चांगले ॲप असेल तर ते स्वतःच आपल्याला त्या बटणाच्या पानावर घेऊन जाते. पण उलट, कुठलेही ॲप "हे बटण बंद करा" म्हणाले की ऐकलेच पाहिजे असे नाही. खरेदीचे, खेळाचे, फोटो सजवायचे ॲप असे मागत असेल तर त्याला मागे राहून करायचे काम कोणते, हे विचारावे. यूपीआयची ॲप्सही सूट देण्याजोगी नाहीत. पैसे पाठवायचे तेव्हा ती उघडावीच लागतात, आणि तीन महिने न उघडलेल्या यूपीआय ॲपकडे एसएमएसची परवानगी नसलेलीच बरी.

## सूट दिल्यानंतर

मुलगी म्हणाली, "सूट कशाला, आप्पा दर अमावास्येला एकदा ॲप उघडतील. त्या दिवशी औत नसतं, घरीच असतात." ही कल्पना चांगली आहे, पण सूट न देता तिच्यावरच विसंबणे मला पटले नाही. लागोपाठ तीन अमावास्या चुकणे अशक्य नाही, लग्नसराई आणि जत्रा ऐन त्याच महिन्यांत येतात. आम्ही दोन्ही ठेवले. सूट यासाठी की ॲप झोपू नये. अमावास्येला उघडणे यासाठी की लोकेशन बंद पडणे, डेटा संपणे, ॲपमधून लॉगिन सुटणे असल्या गोष्टींवर सूट काही करू शकत नाही. त्या नकाशावर ठिपका आपल्या गावावर दिसतो का, एवढे पाहिले की कळतात.

सूट दिल्याची किंमतही त्यांना सांगितली. विजेचे ॲप आता बारा महिने आप्पांचे ठिकाण पाहणार आणि फोन त्याला कधीच अडवणार नाही. हे मान्य आहे तोवरच ते ठेवायचे. उद्या ते ॲप नको झाले तर नुसते विसरून चालणार नाही, काढून टाकावे लागेल, कारण विसरलेल्या ॲपमागे फिरून दार लावणारा नियम आपणच त्याच्यापुरता बंद केला आहे. म्हणून सूट दिलेली ॲप्स मोजकीच असावीत. आप्पांच्या फोनवर एक, काकूंच्या फोनवर एक.

ॲप वाजले नाही म्हणजे वीज नाही, हे समीकरण मात्र त्यांच्या डोक्यातून काढायला वेळ लागला. नीट चालणारे ॲपही सगळ्याच विजा आधी सांगू शकत नाही. वीज चमकली आणि ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ॲप काहीही म्हणो, खोरे टाकून पक्क्या घरात यायचे, झाडाखाली नाही.

हे बटण प्रत्येक फोनवर एकाच नावाने मिळत नाही. आप्पांचा फोन अँड्रॉइड १३ चा, त्यावर "Pause app activity if unused". नव्या आवृत्त्यांत तेच "Manage app if unused" झाले आहे. अँड्रॉइड १२ वर "Remove permissions and free up space". अँड्रॉइड ११ वर ते ॲपच्या Permissions च्या पानात तळाशी असते आणि त्यात फक्त परवानग्यांचा उल्लेख असतो. काकूंच्या फोनसारख्या, कंपनीने मेनू आपल्या पद्धतीने मांडलेल्या फोनवर शोधत बसण्यापेक्षा Settings च्या वरच्या शोधपट्टीत "unused" लिहावे. अँड्रॉइड १० किंवा त्याहून जुना फोन असेल तर प्ले स्टोअर उघडून आपल्या चित्रावर दाबून Play Protect मध्ये जावे आणि तिथे "Permissions for unused apps" पाहावे.

ॲप एकदा काढून पुन्हा टाकले तर हे बटण पुन्हा चालू झालेले असते. आप्पांचा फोन जुना झाला आहे आणि दिवाळीत मुलगी नवा आणणार आहे. नव्या फोनवर ॲप टाकल्यावर तिने करायची कामे मी तिला लिहून पाठवली आहेत: ठिकाण "Allow all the time", "Use precise location" चालू, बॅटरी "Unrestricted", "if unused" चे बटण बंद, आणि फोनची भाषा मराठी.